म्हण सांगावी की अर्थ सांगावा?

(आपल्या मंदिरातील ज्येष्ठ सभासदांच्या मासिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गेली अनेक वर्षे इथल्या दवाखान्यांत आणि इस्पितळांत दुभाष्याचे काम करते. पेशंट मराठीत बोलतात, डॉक्टर इंग्रजीत, आणि मधे मी. आज मला बोलायला सांगितलं तेव्हा विषय काय घ्यावा, असा प्रश्न पडला नाही. आपली मंडळी बोलता बोलता सहज ज्या म्हणी टाकतात त्यांच्याविषयीच बोलायचं ठरवलं. कारण आजाराची नावं, औषधांची नावं, शरीराच्या भागांची नावं यांचं भाषांतर करणं तितकंसं अवघड नसतं. अडतं ते म्हणीपाशी.

एक गोष्ट आधीच सांगते. दवाखान्यात जे कानावर पडतं ते तिथंच ठेवायचं, हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे. म्हणून आज मी कुणाचीही खरी हकीकत सांगणार नाही. आपण एक काकू कल्पून घेऊ. वय 78. गुडघे दुखतात, साखर आहे, मुलगा-सून नोकरीला जातात. म्हणी मात्र सगळ्या खऱ्या आहेत, तुमच्या-माझ्या घरातल्या.

काकू जीपीकडे गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या वेळेनंतर तब्येत कशी आहे?" काकू हसल्या आणि म्हणाल्या, "रोज मरे त्याला कोण रडे!"

तुम्ही सगळे हसलात, कारण तुम्हाला लगेच कळलं. दुखणं रोजचंच आहे, त्यामुळे आता कुणाला त्याचं काही वाटत नाही, घरच्यांनाही नाही. पण हे डॉक्टरांना कसं सांगायचं? दुभाष्यापुढे तीन वाटा असतात.

पहिली वाट शब्दाला शब्द. "जी रोज मरते तिच्यासाठी कोण रडणार?" हे इंग्रजीत ऐकून डॉक्टर दचकतात. बाई मरणाचं बोलत आहेत, म्हणजे काही गंभीर आहे का, अशी शंका येते. काकूंच्या मनात तसलं काहीच नव्हतं.

दुसरी वाट, इंग्रजीतली तशीच म्हण शोधायची. घाईत पटकन आठवते ती 'क्राइंग वुल्फ'. लांडगा आला रे आला! वरवर पाहता जुळते, कारण दोन्हीकडे पुन्हा पुन्हा ओरडणं आहे आणि लोकांनी लक्ष न देणं आहे. पण नीट पाहा. लांडग्याच्या गोष्टीतला मुलगा खोटं बोलत होता. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, तो त्याचाच दोष. आपल्या म्हणीत दुखणं खरं आहे, फक्त लोकांना त्याची सवय झाली आहे. म्हणजे ही इंग्रजी म्हण वापरली की काकूंच्या तोंडी "मी उगाच ओरडते" असं जातं. काकूंची तक्रार होती, तिचा कबुलीजबाब झाला. आणि काकूंना ते कळतसुद्धा नाही.

तिसरी वाट साधी आहे. "ही मराठीतली म्हण आहे. त्यांचं म्हणणं असं, की त्रास रोजचाच असल्यामुळे आता त्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही." एवढंच. यात म्हणीची गंमत गेली, हे मान्य. पण डॉक्टरांचा पुढचा प्रश्न बरोबर येतो: "रोज म्हणजे कधीपासून? आणि नेमका कुठे त्रास होतो?"

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. म्हण म्हणजे नुसतं वाक्य नाही, आपण तिच्याकडून एक काम करून घेतो. कधी तक्रार सौम्य करतो, कधी लाज झाकतो, कधी समोरच्याला हसवून विषय बदलतो. म्हणून भाषांतर करताना म्हणीचा अर्थ काय, एवढं विचारून भागत नाही. ऐकणाऱ्याला हे ऐकून पुढे काय करायचं आहे, हे विचारावं लागतं. ऐकणारा नुसता सुखदुःखाचा सोबती असेल, तर म्हणीला म्हण चालते. पण ऐकणाऱ्याला त्यावरून औषध द्यायचं असेल, अर्ज भरायचा असेल, निर्णय घ्यायचा असेल, तर साधं वाक्यच हवं.

मग दोन्ही भाषांत अगदी एकच म्हण असेल तर? तर काम सोपं होतं का? काकूंचंच पुढे ऐका. डॉक्टरांनी साखरेच्या नव्या गोळ्यांबद्दल विचारलं. काकू म्हणाल्या, "रोगापेक्षा इलाज भयंकर!" ही म्हण इंग्रजीत जशीच्या तशी आहे, 'द क्युअर इज वर्स दॅन द डिझीज'. अर्थ तोच, जोर तोच. दुभाष्याने ती सांगितली तर भाषांतर बिनचूक झालं. आणि तरीही डॉक्टरांच्या हाती काही लागलं नाही. काय भयंकर झालं? चक्कर आली, की पोट बिघडलं? गोळी चालू आहे, की बंद केली?

म्हणून अशा वेळी मी म्हण सांगते आणि दोघांनाही कळेल असं म्हणते, "त्यांना नेमका काय त्रास झाला, ते विचारू का?" मग काकू सांगतात की गोळी घेतली की पोटात ढवळतं, दोन-तीनदा जुलाब होतात. म्हणून त्या दिवसाआड घेतात, तीही अर्धी. उपासाच्या दिवशी तर घेतच नाहीत. गोळी मेटफॉर्मिनची होती. या गोळीने पोट बिघडणं हा नेहमी आढळणारा त्रास आहे. ती जेवणाबरोबर किंवा जेवल्यावर घ्यायची असते, आणि तिचा सावकाश विरघळणारा प्रकारही मिळतो, तो पुष्कळांना सोसतो. डॉक्टर हे सगळं करू शकतात, पण केव्हा? गोळी अर्धी आणि दिवसाआड चालली आहे हे कळलं तर. नाहीतर रक्ताची तपासणी होते, साखर वाढलेली दिसते, आणि "या डोसने भागत नाही" असं समजून डोस वाढवला जातो. एका चपखल म्हणीमागे एवढी गोष्ट लपून बसलेली असते.

आता जरा नाजूक विषयाकडे येते. वयस्कर पेशंटला इथं मनाच्या स्थितीबद्दल विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का? नेहमी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? याचं उत्तर ठरलेल्या चार पर्यायांत द्यायचं असतं: मुळीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. आपले आजोबा यावर काय म्हणतात? "अहो, पिकलं पान, कधीतरी गळायचंच."

इंग्रज म्हातारा अशा ठिकाणी 'गुड इनिंग्ज' म्हणतो. म्हणजे आमचा डाव चांगला झाला, आता बाद झालो तरी खंत नाही. क्रिकेटमुळे आपल्यालाही ते जवळचं वाटतं, आणि दोन म्हातारे बागेतल्या बाकावर बसून बोलत असतील तर ही जोडी अगदी छान आहे. पण दवाखान्यात तिच्यात एक फट राहते. 'गुड इनिंग्ज' म्हणणारा माणूस सांगतो की मी समाधानी आहे. 'पिकलं पान' म्हणणारा तेवढं सांगत नाही. तो फक्त सांगतो की हे व्हायचंच. तो समाधानाने म्हणत असेल, किंवा जगण्याचा कंटाळा आला म्हणूनही म्हणत असेल. दुभाष्याने 'गुड इनिंग्ज' म्हटलं की त्यातलं समाधान दुभाष्याच्या पदरचं होतं. एकटे पडलेले, जेवण तोडलेले आजोबा कागदावर आनंदी ठरतात.

इथं साधं सांगायचं, "ते म्हणतात, पिकलेलं पान गळणारच. म्हातारपणी मरण यायचंच, अशा अर्थाने हे म्हणतात. यावरून ते उदास आहेत की नाहीत हे समजत नाही." आणि मग प्रश्न पुन्हा विचारायचा, दिवसांच्या हिशेबात. दोन आठवड्यांत किती दिवस? आकड्याने विचारलं की म्हण मधे येत नाही.

शेवटची म्हण सर्वांत अवघड. घरी कसं चाललंय, असं विचारल्यावर एखाद्या मावशी खाली बघून म्हणतात, "काय सांगू, तोंड दाबून बुक्क्यांचा मार."

हे शब्दशः इंग्रजीत गेलं, तर अर्थ होतो की घरात कुणीतरी माझं तोंड दाबून मला मारतं. इथल्या डॉक्टर-नर्सना असं काही कळलं तर त्याची नोंद करणं आणि पुढे कळवणं हे त्यांचं कर्तव्य आहे. घरी चौकशी येऊ शकते, आणि कदाचित मावशींना एवढंच म्हणायचं असतं की सुनेच्या घरात टीव्हीसुद्धा विचारून लावावा लागतो. दुसऱ्या बाजूने, दुभाष्या आपल्याच गावचा असला, समाजाची लाज राखावी असं त्याला वाटलं, तर तो 'ग्रिन अँड बेअर इट' म्हणून मोकळा होतो. म्हणजे हसून सोसायचं झालं. मग समजा मावशींना खरोखरच मारहाण होत असेल, पेन्शनचं कार्ड कुणी काढून घेतलं असेल, तर बोलण्याची त्यांची ती एकमेव वेळ वाया गेली.

शब्दशः सांगितलं तर जास्त होतं, इंग्रजी म्हण सांगितली तर कमी होतं. म्हणून दुभाष्याने दोन्ही करायचं नाही. म्हणायचं असं: "त्यांनी एक मराठी वाक्प्रचार वापरला. त्यात मारण्याचा शब्द आहे, पण तो नेहमी प्रत्यक्ष माराबद्दल नसतो. त्रास सोसावा लागतो आणि बोलायची सोय नाही, असा त्याचा अर्थ. नेमकं काय होतं, ते आपण त्यांना विचारावं." आणि हेच मावशींनाही मराठीत सांगायचं, की मी डॉक्टरांना असं असं सांगितलं. निर्णय डॉक्टरांचा, बोलणं मावशींचं. दुभाष्याने आपल्या मनाने काही गाळायचं नाही आणि घालायचंही नाही. आणि म्हणूनच अशा वेळी मुलगा, सून किंवा नातू यांना दुभाष्या करू नये. ज्यांच्याविषयी बोलायचं तेच भाषांतर करणार असतील तर माणूस म्हणीच्या आड लपणारच.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे इंग्रजी म्हण कधी वापरायचीच नाही? तसं मुळीच नाही. शेजारीण चहाला आली आहे, नातवाची फजिती सांगायची आहे, परीक्षेत कमी गुण पडले तर तो पेनाला दोष देतो. "नाचता येईना अंगण वाकडे." इथं 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स' बिनधास्त म्हणा. मी मनात तीन गोष्टी तपासते. दोष कुणावर येतो, तो सारखाच आहे का? बोचतं किती, ते सारखंच आहे का? आणि बोलणारा स्वतःबद्दल बोलतोय की दुसऱ्याबद्दल, हे बदलत नाही ना? इथं तिन्ही जुळतात. कारागीर आणि नर्तकी दोघंही आपली उणीव दुसऱ्यावर ढकलतात.

पण हीच कसोटी दुसऱ्या म्हणीला लावून पाहा. शेजारचा गोरा गृहस्थ विचारतो, "तुम्हाला परत इंडियात जाऊन राहावंसं वाटतं का?" आपले काका म्हणतात, "दुरून डोंगर साजरे." नातू लगेच भाषांतर करतो, 'द ग्रास इज ऑल्वेज ग्रीनर ऑन द अदर साइड'. झालं? नाही झालं. इंग्रजी म्हणीतला माणूस असमाधानी आहे, त्याला दुसऱ्याचं कुरण हिरवं दिसतं. ऐकणाऱ्याला वाटतं, काकांना इथं करमत नाही. काकांना सांगायचं होतं ते जवळजवळ उलट. इथून गाव सुंदर दिसतं, पण आता तिथे जाऊन राहायचं म्हटलं तर जिने, दवाखाने, ओळखीची माणसं गेलेली, हे सगळं जवळून दिसेल. काका इथं राहायला राजी आहेत. अशा वेळी एक सरळ वाक्य पुरतं: "लांबून छान दिसतं, जवळ गेल्यावर खडक दिसतात." मूळ चित्र ठेवलं, डोंगर ठेवला, आणि अर्थही पोचला.

नातवंडांशी बोलताना मात्र माझा सल्ला वेगळा आहे. त्यांना इंग्रजी जोडीची म्हण देऊच नका. "ताकाला जाऊन भांडे का लपवतोस?" असं आपण म्हणतो, आणि नात विचारते, म्हणजे काय आजी? आपण सांगतो, म्हणजे 'बीटिंग अबाउट द बुश'. तिला अर्थ कळला, आणि मराठी म्हण तिथंच संपली. तिला आधी मिळालेली इंग्रजी म्हण पुन्हा मिळाली, नवं काहीच नाही. त्याऐवजी चित्र सांगा. ज्याच्या घरी गाय-म्हैस असायची तिथं लोणी काढल्यावर ताक उरायचं. शेजारी ते मागायला भांडं घेऊन जायचे. मागायची लाज वाटली की भांडं पदराखाली धरायचं आणि हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. पण ताक हवं असेल तर भांडं पुढे करावंच लागणार ना? लहान मुलाला हे एकदा सांगितलं की तो विसरत नाही. आठवड्याने तोच तुम्हाला म्हणेल, "आजी, भांडं लपवू नकोस."

आणि मंडळी, दवाखान्यात आपण नेमकं तेच करतो. गुडघ्याचं निमित्त करून जातो, छातीतल्या धडधडीचं भांडं पदराखाली, आणि वर एक म्हण झाकण म्हणून. जीपीची वेळ असते साधारण दहा मिनिटांची. ती म्हणींत जाते.

म्हणून घरूनच तीन साधी वाक्यं कागदावर मराठीत लिहून न्या. कुठे काय होतं. कधीपासून होतं. आणि कोणती गोळी घेत नाही किंवा कमी घेते. प्रत्येक वाक्यात 'मला' किंवा 'मी' आला पाहिजे. म्हण ओळखायची हीच खूण आहे. तिच्यात 'मी' नसतो, तारीख नसते, आकडा नसतो. घरातलं कुणी तुमच्यासाठी बोलत असेल तर त्यांनाही ही खूण सांगा. आजीच्या उत्तरात 'मला' नाही, 'कालपासून' नाही, म्हणजे ती म्हण आहे. भाषांतर करण्याआधी आजीलाच विचारायचं, "म्हणजे तुला काय होतंय?"

दुसरं, अपॉइंटमेंट घेतानाच रिसेप्शनला सांगा की मला दुभाष्या हवा आहे. एनएचएसमध्ये पेशंटला त्याचे पैसे पडत नाहीत. भाषा 'मराठी' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'इंडियन' म्हटलं तर हिंदी किंवा गुजराती बोलणारा येऊ शकतो. त्याला 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' कळेल याची खात्री नाही. दुभाष्यामुळे वेळ जास्त लागतो, म्हणून जास्त वेळाची अपॉइंटमेंट मिळेल का, तेही तेव्हाच विचारा. फोन करायला अडचण असेल तर मंदिराच्या कार्यालयात येऊन सांगा. फोन लावून देणारं कुणी ना कुणी इथं असतंच.

तीन वाक्यं सांगून झाली, डॉक्टरांनी लिहून घेतली, की मग खुशाल म्हण टाका. मी तिचा अर्थ सांगेन, डॉक्टर हसतील, तुम्हीही हसाल. आधी भांडं पुढे, मग गप्पा.